दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी कामात बदल: बोलणं कसं सुरू करायचं, अर्ज कसा द्यायचा

अपघात किंवा मोठ्या आजारानंतर माणूस कामावर परत आला की कार्यालयात दोनच गोष्टी ऐकू येतात. एक, ‘आम्ही सांभाळून घेऊ’. दुसरी, ‘बदली करून घ्या’. पहिली कधी कागदावर येत नाही, त्यामुळे साहेब बदलले की ती संपते. दुसरीत माणूस हलतो आणि अडचण तिथेच राहते. कायद्यात तिसरा रस्ता आहे: पद तेच ठेवून काम, जागा आणि अपेक्षा यांत लेखी बदल. शासकीय कार्यालयात तो कसा मागायचा ते इथे एका उदाहरणातून पाहू. खासगी नोकरीबद्दल शेवटी थोडं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याच्या कलम 20 नुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला कामात वाजवी बदल करून द्यायचे आहेत आणि कामाची जागा अडथळ्यांविना ठेवायची आहे. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपंचायत हे सगळं यात येतं. असा बदल नाकारणं म्हणजे भेदभाव, असं व्याख्येतच लिहिलेलं आहे. मर्यादा एकच, आस्थापनेवर अवाजवी बोजा पडता कामा नये.

पात्रता

इथे सर्वांत मोठा गैरसमज 40 टक्क्यांचा आहे. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं ते आरक्षण आणि बऱ्याच योजनांसाठी. कामात वाजवी बदल मिळण्यासाठी ही अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात हे स्पष्ट केलं. तिथे उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येत होते आणि टक्केवारीत बसत नाही म्हणून लेखनिक नाकारला होता. तेव्हा ‘तुमचं प्रमाणपत्र 35 टक्क्यांचं आहे, अर्ज चालणार नाही’ असं आस्थापना शाखेतून कोणी म्हणालं, तर ते चूक आहे.

नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं असेल तर कलम 20 चं चौथं पोटकलम आणखी भक्कम आहे. अशा कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावरही आणता येत नाही. आहे त्या पदाचं काम जमतच नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या आणि लाभांच्या दुसऱ्या पदावर घ्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा सेवानिवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे जादा निर्माण केलेल्या पदावर ठेवायचं. म्हणून कोणी आपुलकीने स्वेच्छानिवृत्तीचा किंवा ‘हलकं पद चालेल’ असा अर्ज पुढे केला, तर सही करण्याआधी हे पोटकलम वाचा. आपुलकी खरी असते, पण सही आपली असते.

कागदपत्रं

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र यांसाठी www.swavlambancard.gov.in वर नोंदणी करायची. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा आणि उपचाराचे कागद लागतात. नोंदणी क्रमांक जपून ठेवा. पुढची तपासणी रुग्णालयात होते आणि गुहागर-मंडणगडकडच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं म्हणजे अख्खा दिवस, त्यामुळे तपासणीचा वार आधी फोन करून विचारलेला बरा.

या अर्जाला आणखी एक कागद लागतो, जो बहुतेकजण जोडत नाहीत. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं अर्ध्या पानाचं पत्र. त्यात रोगाचा इतिहास नको. काय जमतं, काय जमत नाही, किती वेळ जमतं एवढंच हवं. ‘सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहू नये’ हे वाक्य साहेबांच्या कामाचं आहे. ‘उजव्या पायाचे गुडघ्याखाली विच्छेदन’ यावरून त्यांना काहीच ठरवता येत नाही.

अर्जाआधी: कामाची फोड

उदाहरणासाठी एक कल्पित माणूस धरू. किनाऱ्यावरच्या एका तालुक्यात पंचायत समितीचे विस्तार अधिकारी. घाटात दुचाकीला अपघात झाला, गुडघ्याखाली पाय गेला, आता कृत्रिम पाय आहे. बसणं वरच्या मजल्यावर, शिवाय ग्रामपंचायतींची दप्तर तपासणी आणि ग्रामसभा.

त्यांनी आधी आठवडाभराचं काम वहीत उतरवावं आणि प्रत्येकापुढे नेमकं काय अडतं ते लिहावं. मग चित्र बदलतं. दप्तर तपासायला काहीच अडचण नाही, अडचण दप्तरापर्यंत पोचायची आहे. डांबरी रस्त्यावरच्या ग्रामपंचायती जमतात. जिथे गाडी सोडून पाखाडीच्या पायऱ्या उतराव्या लागतात, तिथे पावसात जांभ्यावर शेवाळ धरतं आणि कृत्रिम पायाला तळव्याखालचं निसरडं कळत नाही. म्हणजे दौरे कमी करा असं मागायचं नाही. कोणते दौरे आणि कोणत्या महिन्यात, ते बदलून मागायचं.

जागेचंही तसंच. अशा वेळी सगळ्यांना पहिला आठवतो तो उतार, म्हणजे रॅम्प. पण गुडघ्याखाली कृत्रिम पाय असलेल्या बऱ्याच जणांना उतार उतरणं पायऱ्यांपेक्षा अवघड जातं, कारण घोटा हवा तसा वळत नाही. त्यातून कार्यालयात उरलेल्या सिमेंटचा, गुळगुळीत गिलावा केलेला उभा रॅम्प बांधला तर विचारायलाच नको. प्रमाण एकास बारा हवं, म्हणजे तीन पायऱ्यांची दीड फूट उंची असेल तर अठरा फूट लांबी. या माणसाला रॅम्पपेक्षा दोन्ही बाजूंना कठडा आणि तळमजल्यावर टेबल जास्त उपयोगी. चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्याला मात्र रॅम्पच लागेल. म्हणूनच काय हवं ते वापरणाऱ्याने सांगायचं, बांधकाम विभागाने ठरवायचं नाही.

तिसरी गोष्ट आपल्या हवेची. एप्रिल-मेच्या दमटपणात कृत्रिम पायाच्या खोबणीत घाम साचतो, कातडी नरम पडते, सोलते. मग दोन-तीन दिवस पाय लावताच येत नाही. हे टाळायला दुपारी एकदा पाय काढून, पुसून, कोरडा करून पुन्हा लावायचा असतो. त्यासाठी दार बंद होणारी खोली, एक खुर्ची आणि पंधरा मिनिटं लागतात. ही मागणी सांगायला संकोच वाटतो म्हणून बहुतेकजण गाळतात आणि नंतर रजा संपवतात. ती लिहाच.

बोलणं कसं सुरू करायचं

अर्ज थेट टपालात टाकला की तो तक्रारीसारखा वाचला जातो. आधी गटविकास अधिकाऱ्यांना भेटा, पण सोमवारी सकाळी किंवा आढावा बैठकीच्या दिवशी नको. सुरुवात कामावरून करा.

“साहेब, पंधरा मिनिटं हवी होती. माझ्याकडच्या ग्रामपंचायतींचं वर्षाचं नियोजन घेऊन आलोय. सगळ्या तपासण्या होतील, पण चार ठिकाणी पावसात पोचायची अडचण आहे. त्याबद्दल दोन पर्याय लिहून आणलेत. बघता का?”

अशा बोलण्याला ‘बघू’ म्हणणंही अवघड जातं, कारण समोर ठरवण्यासारखं काहीतरी असतं. उलट ‘साहेब, माझी परिस्थिती तुम्हाला माहीतच आहे’ असं सुरू केलं की सहानुभूती मिळते आणि विषय तिथेच थांबतो.

साहेबांच्या बाजूने सुरुवात करायची असेल तर ‘तुम्हाला झेपेल का?’ हा प्रश्न नको. त्याचं उत्तर ‘हो’ शिवाय काय येणार? “कामातलं काय अडतंय, आणि काय बदललं तर सोपं जाईल?” एवढं विचारा. दुखण्याची माहिती काम ठरवायला लागेल तेवढीच घ्या. आणि त्या माणसाला न विचारता परस्पर त्याचे दौरे दुसऱ्याला देऊन टाकू नका. गोपनीय अहवालात मग ‘क्षेत्रीय काम कमी’ असा शेरा येतो आणि तो पुसणारा कोणी नसतो.

अर्ज

भेटीनंतर आठवड्याच्या आत अर्ज द्या. एका पानावर मावेल एवढाच. मजकूर साधारण असा:

“विषय: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 कलम 20(2) नुसार कामात वाजवी बदल मिळणेबाबत.

मी माझ्या पदाची सर्व कर्तव्ये पार पाडण्यास तयार आहे. त्यासाठी पुढील बदल मिळावेत. (1) माझी बैठक व्यवस्था तळमजल्यावर व्हावी आणि प्रवेशाच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा बसवावा. (2) पाखाडीवरील चार ग्रामपंचायतींची तपासणी जून ते सप्टेंबर या काळात माझ्याकडे न ठेवता नोव्हेंबरनंतर ठेवावी. त्या चार महिन्यांत लेखा आक्षेपांच्या पूर्ततेचे काम मी जादा करीन. (3) दुपारी पंधरा मिनिटे बंद खोली उपलब्ध व्हावी. ही व्यवस्था 1 जूनपासून चार महिने करून पाहावी व ऑक्टोबरमध्ये आढावा घ्यावा.”

दुसऱ्या मागणीत सहकाऱ्यावर काम ढकललेलं नाही हे लक्षात घ्या. नाराजी सहसा तिथूनच सुरू होते. आणि करून पाहण्याचा काळ पावसाळ्याचाच घ्या. उन्हाळ्यात ठरवलेली व्यवस्था सोयीची वाटते, तिची परीक्षा जुलैत होते.

हा अर्ज ‘विनंती बदली’च्या नमुन्यात भरू नका. बदलीचे नियम वेगळे, तिथे तुमचा अर्ज रांगेत जाईल. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ती प्रत पुढे सगळ्यात जास्त लागते. मंजुरी आली तर तोंडी न ठेवता कार्यालयीन आदेश मागा, त्यात आढाव्याची तारीख असू द्या. नवीन गटविकास अधिकारी रुजू झाले की पहिल्या आठवड्यात त्या आदेशाची प्रत स्वतः नेऊन दाखवा.

उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर

नकार लेखी मागा, कारणासह. ‘निधी नाही’ हे कठड्याबाबत कदाचित चालेल, टेबल खाली आणण्याबाबत चालणार नाही, कारण त्याला खर्चच नाही. म्हणून अर्जात मागण्या वेगवेगळ्या क्रमांकांनी लिहायच्या. एक अडली तरी बाकीच्या अडत नाहीत. आणि काही मागण्या खरोखरच टिकत नाहीत. विस्तार अधिकाऱ्याने एकही ग्रामपंचायत पाहायची नाही असं म्हटलं, तर पदाचा गाभाच राहत नाही. तसं असेल तर विषय समकक्ष पदाचा, म्हणजे चौथ्या पोटकलमाचा होतो.

कलम 23 नुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो. त्याच्याकडे तक्रार नोंदली की दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही दाद मागता येते. आयुक्तांनी शिफारस केली तर संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत कार्यवाही कळवायची, मान्य नसेल तर कारण कळवायचं.

काजू कारखाना, हॉटेल, खासगी शाळा

कलम 20 मधली वरची हमी शासकीय आस्थापनांपुरती आहे, खासगी नोकरीत तिचा आधार तसाच्या तसा मिळत नाही. पण समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेला लागू आहे. 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्या धोरणात दिव्यांगांसाठीच्या सुविधा लिहून संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. त्यामुळे तिथे सुरुवात अर्जाने न करता “आपलं समान संधी धोरण बघायला मिळेल का?” या प्रश्नाने करा. लहान कारखान्यात तो कागद बहुधा नसतोच. मग मालकाशी थेट बोलायचं, आणि तिथेही कामाची फोड करूनच: काजू सोलणाऱ्या बाईला पाटावर मांडी घालून बसता येत नसेल, तर उंच टेबल आणि पाठ टेकायची खुर्ची एवढीच मागणी असते. महिनाभर तिच्या सोललेल्या गराचं वजन आधीच्या महिन्याशी ताडून बघू या, असं म्हटलं की मालकाला हिशेब कळतो.