टीएसएच तळाला, तरी थायरॉईड जोरात

थायरॉईडचा स्कॅन करताना शिरेतून थोडंसं किरणोत्सारी टेक्निशियम देतात. थायरॉईडच्या पेशी आयोडीन आत घेतात त्याच दाराने तेही ओढून घेतात, आणि जिथे ओढ जास्त तिथे चित्रात गडद डाग उमटतो. निरोगी ग्रंथी फुलपाखरासारखी दिसते: दोन पंख, मधे बारीकसा जोड. काही रुग्णांच्या स्कॅनवर मात्र फुलपाखरू नसतंच. एका बाजूला तीन सेंटिमीटरचा काळा गोल आणि बाकी सगळं कोरं. गंमत अशी की सोनोग्राफी केली तर उरलेली ग्रंथी जागच्या जागी, अगदी धडधाकट दिसते. मग स्कॅनवर ती उमटत का नाही?

याचं उत्तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीपासून सुरू होतं. रक्तात थायरॉईडचं संप्रेरक कमी पडलं की पिट्युटरी थायरॉईडला कामाला लावणारं टीएसएच हे संप्रेरक सोडते. थायरॉईड पेशीच्या आवरणात टीएसएचसाठी 764 अमिनो आम्लांचा एक रिसेप्टर, म्हणजे निरोप झेलणारं प्रथिन, बसवलेला असतो. त्याचा मोठा भाग पेशीबाहेर असतो, मधला भाग सात वेळा आवरण ओलांडतो आणि थोडासा आत डोकावतो. टीएसएच बाहेर चिकटलं की सात दांड्यांची मांडणी किंचित सरकते आणि आतल्या बाजूला जी-प्रथिनाला जागा मिळते. हे प्रथिन अ‍ॅडेनायलिल सायक्लेज या विकराला चालना देतं, आणि तो एटीपीपासून सायक्लिक एएमपी बनवू लागतो.

टीएसएच स्वतः पेशीत शिरत नाही, त्याचा निरोप आत फिरवण्याचं काम हा इवलासा रेणू करतो. सायक्लिक एएमपी वाढलं की प्रोटीन कायनेज-ए मोकळं होतं. मग आयोडीन ओढणारे पंप वाढतात, संप्रेरक बनवणारी विकरं वाढतात, आणि ही स्थिती टिकून राहिली तर पेशींचं विभाजनही होतं. कामाचा हुकूम आणि वाढीचा हुकूम दोन्ही याच रेणूतून जातात, हे ध्यानात असू द्या. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

या रिसेप्टरची एक खोड आहे. टीएसएच नसतानाही तो पूर्ण गप्प बसत नाही, थोडं सायक्लिक एएमपी बनवतच राहतो. त्याला बऱ्यापैकी शांत ठेवतो तो त्याचाच बाहेरचा भाग. प्रयोगशाळेत ट्रिप्सिनने त्या भागाला कात्री लावली, तर टीएसएचशिवायच रिसेप्टरचं काम वाढतं. म्हणजे बंद स्थिती मुळातच सैल आहे. त्यामुळे साखळीत वेगवेगळ्या ठिकाणी एखादं अमिनो आम्ल बदललं, तरी ही बंद स्थिती सुटून रिसेप्टर चालू स्थितीत अडकू शकतो.

1993 मध्ये ब्रुसेल्समधल्या संशोधकांनी अशा काळ्या गोलांमधून काढलेल्या पेशींचा डीएनए वाचला, तेव्हा नेमकं हेच सापडलं. एका बदलात 619 व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी ग्लायसीन होतं. त्यासाठी डीएनएमध्ये ‘ए’च्या जागी ‘जी’ येणं पुरतं, एकच अक्षर. ही जागा पेशीच्या आतल्या तिसऱ्या वळशाच्या टोकाशी आहे, जिथे जी-प्रथिन येऊन टेकतं. बदललेला रिसेप्टर दुसऱ्या पेशींमध्ये घालून टीएसएच अजिबात न देता सायक्लिक एएमपी मोजलं, तर ते मूळ रिसेप्टरच्या मानाने कितीतरी जास्त भरलं.

आता स्कॅनकडे परत येऊ. असा बदल एकाच पेशीत घडतो. ती पेशी आणि तिच्या लेकी टीएसएचची वाट न पाहता आयोडीन ओढतात, संप्रेरक बनवतात आणि विभागत राहतात. एकाच्या अब्जभर पेशी व्हायला साधारण तीस वेळा दुप्पट व्हावं लागतं, म्हणून अशी गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. पुरेशी मोठी झाली की रक्तात संप्रेरक जास्त होतं आणि पिट्युटरी हात आखडता घेते. एरवी लिटरमागे साधारण 0.4 ते 4 मिलीयुनिटच्या दरम्यान असणारं टीएसएच 0.01 च्याही खाली जातं. गाठीला त्याचं काहीच वाटत नाही. आजूबाजूच्या निरोगी पेशींना मात्र तोच एक निरोप होता. तो थांबला आणि त्यांनी काम जवळजवळ थांबवलं. स्कॅनवरची कोरी जागा म्हणजे याच निजलेल्या पेशी. सगळ्याच गाठींत दोष रिसेप्टरमध्ये असतो असं नाही. काहींमध्ये तो पुढच्या पायरीवर, जी-प्रथिनात असतो, आणि परिणाम तसाच होतो.

असा बदल बीजपेशीतून आला तर? मग थायरॉईडच्या प्रत्येक पेशीत तो असतो. फ्रान्समधल्या नान्सीच्या डॉक्टरांनी 1982 मध्ये एका घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालणारा असा आजार नोंदवला होता, आणि 1994 मध्ये त्यामागे याच रिसेप्टरमधला बदल सापडला. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून एक प्रत आली तरी पुरते, म्हणून प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता.

एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. सात वर्षांची मुलगी, वजन घटतंय, छातीत धडधड, ग्रंथी दोन्हीकडून सारखीच सुजलेली. निदान होतं ग्रेव्ह्जचं, म्हणजे शरीराचीच प्रतिपिंडं थायरॉईडला चिथावतात त्या आजाराचं, कारण लहानपणी थायरॉईड जोरात चालण्याचं नेहमीचं कारण तेच. थायरॉईडला आवर घालणारी कार्बिमाझोलची गोळी सुरू होते, संप्रेरक ताळ्यावर येतं. पण दोन वर्षांनी गोळी थांबवली की आजार परत, पुन्हा सुरू करून थांबवली की पुन्हा परत. शिवाय गोळी चालू असतानाही गळा फुगतच राहतो. मला हा सगळ्यात बोलका पुरावा वाटतो. कार्बिमाझोल संप्रेरक बनवताना आयोडीन जोडण्याची पायरी अडवतं, पण सायक्लिक एएमपीला हातही लावत नाही, त्यामुळे वाढीचा हुकूम सुटतच राहतो.

अशा वेळी तीन गोष्टी पाहायच्या. ग्रेव्ह्जमध्ये रिसेप्टरला चिथावणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी इथे वारंवार नकारार्थी येते. ग्रेव्ह्जसारखे बाहेर आलेले, सुजलेले डोळे नसतात. आणि घरात विचारलं तर वडिलांचं किंवा आजीचं थायरॉईडचं ऑपरेशन निघतं, कधी पहिल्या ऑपरेशननंतर दुसरंही. मग साध्या रक्ताच्या नमुन्यातून रिसेप्टरचं जनुक वाचता येतं. गाठीच्या रुग्णात मात्र रक्त तपासून काही हाती लागणार नाही, कारण बदल फक्त गाठीतल्या पेशींत आहे.

उपचारही इथेच वेगळे होतात. एकट्या गाठीला किरणोत्सारी आयोडीन देता येतं: ते गाठच ओढते आणि निजलेल्या पेशी बचावतात. पण आधी दिलेल्या गोळ्यांनी टीएसएच पुन्हा वर आलं असेल, तर त्या पेशी जाग्या होतात आणि त्याही किरणोत्सार ओढून घेतात. म्हणून मात्रा देण्यापूर्वी टीएसएच खालीच आहे ना, हे पाहावं लागतं.

त्या मुलीत वाचवण्याजोगी पेशीच नाही. अर्धी ग्रंथी काढली तर उरलेली अर्धी तोच खेळ पुन्हा मांडते. वडिलांचं दुसरं ऑपरेशन बहुधा यामुळेच झालेलं असतं. म्हणून पूर्ण ग्रंथी काढतात, गरज पडल्यास उरलेसुरले अंश किरणोत्सारी आयोडीनने संपवतात आणि मग आयुष्यभर रोज थायरॉक्सिनची गोळी. तिच्या धाकट्या भावातही तोच बदल निघाला आणि संप्रेरक आज ठीक असलं, तरी त्याची तपासणी ठरावीक काळाने करत राहायची. एकाच घराण्यात हा आजार कुणाला पाळण्यात गाठतो, तर कुणाला चाळिशीनंतर.