पाळी लांबली, आणि किटवर एकच रेघ

समजा, नागपुरात महालात राहणारी 27 वर्षांची एक मुलगी आहे. पाळी साधारण 30 दिवसांनी येते. 1 सप्टेंबरला पाळी आली, म्हणजे पुढची 1 ऑक्टोबरच्या आसपास यायला हवी. 5 तारीख उजाडली तरी पत्ता नाही. मेडिकलमधून आणलेल्या प्रेग्नन्सी किटवर एकच रेघ आली, म्हणजे टेस्ट निगेटिव्ह. वहिनी म्हणते, "अगं, टेन्शन घेतलं असशील." वहिनीचं अगदीच चूक नाही, पण टेन्शन नेमकं काय करतं हे पाहण्यासारखं आहे.

पाळीचे दोन भाग असतात. पहिल्या भागात अंडाशयात बीज वाढतं आणि बाहेर पडतं. दुसरा भाग बीज बाहेर पडल्यापासून रक्तस्राव सुरू होईपर्यंतचा. हा दुसरा भाग बहुतेकींमध्ये 12 ते 14 दिवसांचा, बऱ्यापैकी ठरलेला असतो. ताणतो तो पहिला भाग. म्हणून पाळी लांबली की बहुतेकदा "बीज उशिरा सुटलं" किंवा "या वेळी सुटलंच नाही" असंच वाचायचं.

आता तिचं कॅलेंडर पाहू. नेहमीच्या हिशेबाने बीज 16 सप्टेंबरच्या सुमारास सुटायचं. पण पावसाळ्याच्या शेवटी नागपुरात डासांचा त्रास वाढतो, आणि 11 तारखेला तिला डेंग्यूचा ताप चढला. आठवडाभर अन्न गेलं नाही, 52 किलोंची ती 48 वर आली.

बीज वाढवण्याचा हुकूम मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून निघतो. पाळीच्या पहिल्या भागात साधारण तास-दीड तासाला तिथून संप्रेरकाचा एकेक ठोका येतो, आणि त्या लयीवर पुढची साखळी चालते. आजारात किंवा मोठ्या मानसिक ताणात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढवणारी यंत्रणा जागी होते आणि हे ठोके मंदावतात. वजन घटल्याची खबरही इथेच पोहोचते. चरबीतून येणारं लेप्टिन कमी झालं, पोटात अन्न कमी गेलं, की मेंदू गर्भधारणेचा बेत पुढे ढकलतो. तिच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या, आणि तोही नेमका बीज पिकण्याचा आठवडा. हाच ताप 20 सप्टेंबरला, बीज सुटून गेल्यावर आला असता, तर पाळी बहुधा वेळेवर आली असती. म्हणून "परीक्षेच्या टेन्शनने पाळी गेली" असं म्हणताना परीक्षा महिन्याच्या कोणत्या भागात होती ते आधी मोजा.

ताप उतरला, जेवण सुरू झालं, ठोके पुन्हा लयीत आले. समजा, बीज 2 ऑक्टोबरला सुटलं. मग पाळी 16 ऑक्टोबरच्या आसपास येईल. याची एक खूण घरीच कळते: बीज सुटण्याच्या दिवसांत अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा स्राव दिसतो. तो उशिरा दिसला, तर तिथून दोन आठवडे मोजायचे.

इथेच किटची अडचण आहे. किट बीज ओळखत नाही, ते गर्भ रुजल्यावर तयार होणारं एचसीजी ओळखतं. बीज सुटल्यावर गर्भ रुजायला 6 ते 12 दिवस लागतात. म्हणजे 2 तारखेच्या बीजातून ती गरोदर राहणार असेल, तरी 5 तारखेला एकच रेघ दिसणार. त्या दिवशीचं निगेटिव्ह तिच्यासाठी काहीच सांगत नाही. सकाळच्या पहिल्या लघवीवर आठवड्याने पुन्हा टेस्ट करावी. शेवटच्या असुरक्षित संबंधाला 21 दिवस उलटल्यावरची निगेटिव्ह टेस्ट मात्र खात्रीची मानतात.

वजन वाढल्यानेही पाळी रेंगाळते, पण वाट वेगळी आहे. जादा चरबी स्वतःच इस्ट्रोजेन तयार करते, इन्सुलिनही वाढतं आणि बीज पिकायचं अडतं. हनुवटीवर केस, मुरुमं आणि वर्षातून चार-पाचच पाळ्या असा प्रकार असेल, तर कारण या महिन्यातलं नाही. पीसीओएस, म्हणजे बीज नियमित सुटू न देणारा संप्रेरकांचा बिघाड, त्याची तपासणी करावी लागते. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकांची रक्ततपासणीही डॉक्टर सांगतात. इमर्जन्सी गोळी घेतली असेल तर तेही सांगायला लाजू नये, तिच्याने पाळी आठवडाभर मागेपुढे होते.

तीन महिने पाळी आली नाही, तर डॉक्टरांकडे जायचंच. पण पोटात एका बाजूला जोराचं दुखणं, चक्कर, खांद्यात कळ किंवा मध्येच रक्तस्राव असं काही झालं, तर तीन महिने काय, तीन तासही थांबू नका. गर्भ नळीत रुजला असेल तर एचसीजी कमी असल्याने किट क्वचित निगेटिव्हही दाखवतं. अशा वेळी रक्तातलं एचसीजी आणि सोनोग्राफी लागते.

डॉक्टर पहिला प्रश्न शेवटच्या पाळीच्या तारखेचा विचारतील. महालातल्या मुलीने तिथे 1 सप्टेंबर सांगावं, आणि त्याला जोडूनच 11 सप्टेंबरचा तापही सांगावा.