आता लागली तर तीन तास तेरा मिनिटं

रात्री जाग आली की पहिला हात उशाजवळच्या मोबाइलकडे जातो. 2:47. सहाला नळाला पाणी येतं, म्हणजे आता लगेच डोळा लागला तर तीन तास तेरा मिनिटं मिळतील. मग कूस बदलायची, डोळे घट्ट मिटायचे आणि 3:20 ला पुन्हा तोच हिशेब मांडायचा. माझ्या आईच्या उशाशी गजराचं घड्याळ असे, अंधारात हिरवे चमकणाऱ्या काट्यांचं. रात्री किती वाजता जाग आली आणि किती वेळ तळमळत काढला, हे ती सकाळी मिनिटांसकट सांगायची. घड्याळ नुसतं वेळ सांगत नव्हतं, तेच तिला जागं ठेवत होतं, हे आमच्या घरात कुणाच्या लक्षात आलं नाही.

झोपेमागे लागलं की झोप पळते, हे निरीक्षण मात्र जुनं आहे. बर्नचे मनोविकारतज्ज्ञ पॉल द्युबुआ झोपेला कबुतराची उपमा देत. हाताजवळ येऊन बसलेल्या कबुतराकडे दुर्लक्ष केलं तर ते बसून राहतं, धरायला गेलं की उडतं. व्हिएन्नाच्या व्हिक्टर फ्रँकल यांनी ही उपमा पुढे वापरली आणि तिच्यातून एक उपाय काढला. 1930 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी त्याला जे नाव दिलं, त्याला मराठीत ‘उलटा संकल्प’ म्हणता येईल. झोप येणार नाही या धास्तीनेच जो जागा राहतो, त्याला सांगायचं की आज झोपूच नका, जागं राहायचा प्रयत्न करा. जागं राहणं हेच काम ठरलं की धास्तीला धरायला काही उरत नाही.

मला या विचाराचं मोल वाटतं ते त्यामागच्या साध्या कारणामुळे. हात उचलावा तशी झोप ठरवून आणता येत नाही. ज्याला छान झोप लागते त्याला विचारा, कशी झोपतोस? त्याला सांगता येणार नाही, कारण तो काही करतच नाही. प्रयत्न करायचा तर मधून मधून ‘आली का?’ हे तपासावं लागतं, आणि तपासणारं मन जागंच असतं.

फिलाडेल्फियाचे मानसशास्त्रज्ञ मायकेल अ‍ॅशर आणि जे एफ्रन यांनी 1978 मध्ये पाच जणांची हकीकत प्रसिद्ध केली. या पाचांना अंथरुणावर पडल्यावर झोप लागायला फार वेळ लागे. दहा आठवड्यांच्या नेहमीच्या वर्तनोपचारानेही पुरेसा फरक पडला नव्हता. मग त्यांना शक्य तितका वेळ जागं राहायला सांगण्यात आलं, आणि त्यानंतर झोप लवकर लागू लागल्याचं पाचही जणांनी सांगितलं. पाच माणसं म्हणजे मोठा पुरावा नव्हे, पण त्यामुळे या उपायाची रीतसर तपासणी सुरू झाली.

1996 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर आणि सहकाऱ्यांनी उलट बाजू दाखवली. लोकांना झोपताना ऐकायला ध्वनिफिती दिल्या. काहींना लष्करी बँडचं संचलन-संगीत, काहींना शांत संगीत. ‘शक्य तितक्या लवकर झोपा’ असं सांगितलेल्यांपैकी ज्यांच्या कानावर बँड होता, त्यांना झोप लागणं सगळ्यात जड गेलं. मनावर आधीच भार असताना जबरदस्ती केली की ती अंगावर उलटते. उद्याची काळजी हाही असाच बँड असतो.

घड्याळाचा नेमका दोष शोधला 2007 च्या एका प्रयोगाने. निद्रानाशाच्या 38 रुग्णांपैकी काहींना झोपताना घड्याळ बघत राहायला सांगितलं, तर बाकीच्यांना नुसते आकडे दाखवणारं, वेळेशी संबंध नसलेलं यंत्र. बघायचं काम दोन्हीकडे होतं. तरी घड्याळवाल्यांनी जास्त काळजी केली, त्यांना झोप लागायला जास्त वेळ लागला, शिवाय तो वेळ होता त्याहूनही जास्त वाटला. म्हणजे त्रास नुसत्या बघण्याचा नव्हता, ‘किती उरले’ या हिशेबाचा होता.

उलटा संकल्प करायचा तो असा. दिवा बंद करून आरामात पडायचं, डोळे उघडे ठेवायचे आणि पापण्या जड झाल्या की मनात म्हणायचं, अजून थोडा वेळ जागं राहू. मोबाइल नाही, उठून कामं नाहीत, चिमटे काढणं नाही. बहुतेक जण चुकतात ते इथेच, की हे झोपेचं औषध म्हणून करतात आणि पंधरा मिनिटांनी वेळ बघतात. तो जुनाच प्रयत्न झाला. जागं राहण्याची खरोखर तयारी हवी.

हा उपाय मुख्यतः सुरुवातीला झोप न लागणाऱ्यांसाठी तपासला गेला आहे, आणि त्यामागचा पुरावा आजही मर्यादित आहे. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा बसल्याबसल्या डोळे मिटणं, असं असेल तर प्रश्न वेगळा आहे आणि डॉक्टरांकडे जायलाच हवं. घड्याळाचं मात्र आज रात्रीही करता येतं. गजर लावून त्याचं तोंड भिंतीकडे करायचं, मोबाइल हात पोचणार नाही इतका लांब ठेवायचा. भिंतीकडे तोंड केलेलं घड्याळही सहाला वाजतंच.