मजकूर हाती आहे, वेळा कुठून आणायच्या?

यवतमाळकडच्या एका कापूस शेतकऱ्याची १० मिनिटांची वऱ्हाडी मुलाखत आहे, आणि ती ऐकून उतरवलेला मजकूरही आहे. सबटायटलसाठी आता फक्त प्रत्येक ओळ केव्हा यावी आणि केव्हा जावी, एवढंच ठरवायचंय. एकच माणूस बोलत असेल तर ओळ जितकी लांब, तितका वेळ जास्त, हे प्रमाण बऱ्यापैकी टिकतं. म्हणून वेळा अंदाजाने काढता येतात.

लांबी मात्र तोंडातून निघणाऱ्या अक्षरांत मोजावी. संगणकाला 'क्षेत्र' या शब्दात ७ चिन्हं दिसतात, कारण तो हलन्त आणि मात्राही वेगळ्या धरतो. आपण म्हणतो दोनच अक्षरं. आकड्यांचं उलटं होतं. '२०२३' लिहिताना चार चिन्हं लागतात, पण 'दोन हजार तेवीस' म्हणताना आठ अक्षरं. त्यामुळे मोजण्यापुरते आकडे अक्षरी लिहावेत.

समजा शेतकरी १२.४ सेकंदाला बोलू लागला आणि १७.४ ला थांबला. या ५ सेकंदांत दोन ओळी आहेत, पहिलीत १० अक्षरं, दुसरीत १५. एकूण २५, म्हणजे अक्षरामागे ०.२ सेकंद. पहिलीला २ सेकंद मिळाले, दुसरीला ३:

```
1
00:00:12,400 --> 00:00:14,400
औंदा पाऊस उशिरा आला,

2
00:00:14,400 --> 00:00:17,400
म्हून मले कपाशी दोनदा लावा लागली.
```

ही SRT फाइल झाली. तिच्यात सेकंदानंतर स्वल्पविराम असतो, टिंब नाही. टिंब दिलं तर काही प्लेअर फाइल नीट वाचत नाहीत. फाइल UTF-8 मध्ये साठवावी.

खरा घोळ शांततेचा. बोलता बोलता शेतकरी बरोबर मध्यावर ३० सेकंद बैलांकडे गेला, असं धरा. आपण सगळी अक्षरं ६०० सेकंदांवर सारखी पसरली, पण बोलणं ५७० सेकंदांचंच आहे. मग ओळी हळूहळू उशिरा येऊ लागतात. तो उठतो तेव्हा २८५ सेकंद झालेले असतात, आपली ओळ ३०० ला संपते. उशीर १५ सेकंदांचा. तो ३१५ ला परत बोलू लागतो, तोवर आपली ओळ १५ सेकंद पुढे पळालेली असते. चूक अशी बाजू बदलताना दिसली, की मधला थांबा धरायचा राहिला हे ओळखावं. सगळ्या ओळी सारख्याच चुकत असतील, तर सुरुवातीची वेळ चुकली.

उपाय म्हणजे ऑडॅसिटी या ऑडिओ प्रोग्रॅममध्ये आवाजाची लाट पाहून सपाट जागी तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याचा वेग वेगळा काढायचा. शेतात रेकॉर्डिंग असेल आणि मागे मोटारपंप चालू असेल, तर लाट कुठेच सपाट होत नाही. तिथे थांबे कानानेच शोधावे लागतात.