पिंग २७० वर का गेला? सर्व्हर, डीएनएस आणि रूट यांबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

गेम खेळणाऱ्या ग्राहकांची एक तक्रार ठरलेली असते. "स्पीड टेस्टला पूर्ण शंभर एमबीपीएस येतायत, मग गेममध्ये पिंग दोनशे कसा?" दोन्ही आकडे खरे असतात. चाळीस सीटच्या जागी बावन्न सीटची एसटी लावली म्हणून सांगलीहून मुंबई लवकर येत नाही. प्लॅनचा स्पीड म्हणजे सीट, पिंग म्हणजे जाऊन परत यायला लागलेला वेळ. त्यामुळे निव्वळ पिंगसाठी प्लॅन वाढवू नका. हे इंटरनेट विकणारे आम्हीच सांगतोय, म्हणजे विश्वास ठेवायला हरकत नसावी.

आधी घरातली शंका काढून टाका. कमांड प्रॉम्प्ट उघडून राउटरला पिंग करा:

```
ping 192.168.1.1
```

तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असेल तर तो टाका. केबल लावून १-२ मिलिसेकंद यायला हवेत. वाय-फायवर इथेच आकडा ५, ४०, ९, ७० असा उड्या मारत असेल, तर पुढचं काही वाचू नका. आधी केबल टाका.

अंतराला पर्याय नाही

फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन दर १०० किलोमीटरमागे १ मिलिसेकंद धरा. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर आहे, म्हणजे ३९ मिलिसेकंदांच्या खाली कोणीच जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत नसते. आपला बराचसा ट्रॅफिक मुंबईहून जमिनीवरून चेन्नईला जातो आणि तिथून समुद्राखालून सिंगापूरला. त्यामुळे मुंबईतून ५५ ते ६५ हा आकडा चांगला समजायचा. आपल्या भागातून त्यात आणखी दहाएक मिळवा.

आता एक खरं उदाहरण घेऊ. अल्बियन ऑनलाइन या गेमचे तीन वेगळे सर्व्हर आहेत: अमेरिकेचा वॉशिंग्टनमध्ये, आशियाचा सिंगापूरमध्ये, युरोपचा अ‍ॅमस्टरडॅममध्ये. आपल्याकडून सिंगापूरला ७०, अ‍ॅमस्टरडॅमला १३०च्या आसपास आणि वॉशिंग्टनला दोनशेच्या वर, असं साधारण गणित बसतं. तिन्ही जगं एकमेकांपासून वेगळी आहेत. एका सर्व्हरवर कमावलेलं दुसऱ्यावर दिसत नाही. म्हणून निवड पहिल्या दिवशी करायची, सहा महिने खेळून झाल्यावर नाही. भाऊ जर्मनीत आणि तुम्ही इथे असाल, तर दोघांपैकी एकाला त्रास होणारच. कोणाला, ते घरात ठरवा.

व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ यांचे सर्व्हर मुंबईतच आहेत. तिथे फक्त एवढं बघा की सेटिंगमध्ये चुकून सिंगापूरवर टिक राहिलेली नाही ना.

डीएनएस बदलून काय होतं

"१.१.१.१ टाक, पिंग निम्मा होतो" असं सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. डीएनएसचं काम नावावरून पत्ता शोधून देणं, एवढंच. गेम एकदा सर्व्हरला जोडला गेला की तो थेट आयपी पत्त्याशी बोलतो, मध्ये डीएनएस नसतो. रिक्षावाल्याला पत्ता कोणी सांगितला यावर रस्त्याची लांबी ठरत नाही.

एक अपवाद मात्र आहे. एकाच नावाचे सर्व्हर अनेक शहरांत असतात, तेव्हा कोणत्या शहराचा पत्ता द्यायचा हे बऱ्याचदा विचारणारा डीएनएस कुठला आहे यावर ठरतं. काही डीएनएस तुमच्या नेटवर्कचा अंदाज पुढे कळवतात, काही गोपनीयतेसाठी कळवत नाहीत, १.१.१.१ कळवत नाही. याचा परिणाम मुख्यतः गेमचे अपडेट कुठून डाउनलोड होतात यावर दिसतो, सामन्यातल्या पिंगवर नाही. अपडेट अचानक रखडायला लागले, तर डीएनएस 'ऑटोमॅटिक'वर परत आणून बघा.

खरी गडबड रस्त्यात

मध्यंतरी आमच्या एका ग्राहकाने फोन केला. सिंगापूरच्या सर्व्हरवर रोज ७२ असणारा पिंग त्या दिवशी दुपारपासून २७० झाला होता. त्याने राउटर तीनदा बंद-चालू केला होता, डीएनएसही बदलून पाहिला होता. आम्ही त्याला विंडोजमधला रिसोर्स मॉनिटर उघडायला लावला. गेम चालू ठेवून त्यातल्या नेटवर्क टॅबमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता दिसतो. मग त्या पत्त्यावर tracert चालवला. डेटाचं पॅकेट वाटेत कोणकोणत्या राउटरमधून जातं आणि प्रत्येकापर्यंत जाऊन यायला किती वेळ लागतो, ते ही कमांड ओळीने दाखवते. पत्ते बदलून आणि मधल्या ओळी गाळून तो असा होता:

```
tracert 203.0.113.45

 1    1 ms    1 ms    1 ms  192.168.1.1
 4   12 ms   11 ms   12 ms  ae1.mum.example.net
 5  121 ms  122 ms  121 ms  ae4.mrs.example.net
 8  268 ms  267 ms  269 ms  203.0.113.45
```

चौथ्या ओळीतलं mum म्हणजे मुंबई. पाचव्या ओळीतलं mrs म्हणजे मार्सेय, फ्रान्स. मुंबईहून पूर्वेला जायचं पॅकेट आधी पश्चिमेला युरोपात गेलं आणि तिथून सिंगापूरला आलं.

असं होतं, कारण इंटरनेट रस्ता निवडताना किलोमीटर मोजत नाही. आधी कंपन्यांचे आपापसातले करार बघितले जातात आणि मग किती नेटवर्कच्या हातून जावं लागेल ते. आम्ही वरून दोन कंपन्यांकडून इंटरनेट घेतो. त्यातल्या एकीचा सिंगापूरचा थेट मार्ग त्या दिवशी बंद होता, तरी तिचा रस्ता कागदावर 'जवळचा' दिसत होता. आम्ही तेवढ्या पत्त्यांसाठी दुसऱ्या कंपनीला प्राधान्य दिलं आणि पिंग ७४ वर आला.

tracert वाचताना बरेच जण इथे फसतात: मधल्या एखाद्या ओळीत आकडा मोठा दिसला किंवा नुसते तारे आले, म्हणजे बिघाड नव्हे. ते राउटर अशा चौकशीला सवडीने उत्तर देतात किंवा देतच नाहीत. आकडा एका ओळीत वाढला आणि शेवटपर्यंत वाढलेलाच राहिला, तरच तिथे वळसा किंवा गर्दी आहे.

आमच्या हाताबाहेरच्याही गोष्टी आहेत. तुमचं पॅकेट कुठून जावं हे आम्ही ठरवू शकतो, पण परत कुठून यावं हे मुख्यतः समोरचं नेटवर्क ठरवतं, आणि ती वाट तुमच्या tracert मध्ये दिसतही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात केबल तुटल्या, तेव्हा युरोपकडचा ट्रॅफिक लांबच्या वाटेने वळवावा लागला. अशा वेळी केबल दुरुस्त होईपर्यंत थांबण्याखेरीज इलाज नसतो.

पैसे घेऊन पिंग कमी करून देणारी ॲप किंवा व्हीपीएन घ्यावं का? वर दाखवल्यासारखा वळसा असेल, तर त्यांचा उपयोग होतो, कारण ते पॅकेट दुसऱ्या वाटेने नेतात. रस्ता आधीच सरळ असेल, तर वाटेत एक थांबा वाढतो, इतकंच. फुकटच्या ट्रायलवर आधी तपासा. आणि वळसा असेल, तर पैसे भरण्याआधी आम्हाला कळवा. तो काढणं आमचंच काम आहे.

कळवताना बिलावर छापलेल्या व्हॉट्सॲप नंबरवर गेमचं नाव, निवडलेला सर्व्हर, वेळ आणि केबलवरून काढलेल्या tracert चा पूर्ण स्क्रीनशॉट पाठवा. नुसतं "लॅग होतंय" यावरून आम्हाला काही शोधता येत नाही. पिंग चांगला असेल त्या दिवशीही एक tracert काढून जपून ठेवा. दोन्ही शेजारी ठेवले की रस्ता कुठे बदलला ते आम्हाला लगेच दिसतं.