शून्य वजनाचा प्रश्न: आगारांच्या तुलनेमागचे गणित

एसटीच्या आगारांची क्रमवारी लावायची म्हटली की पहिला वाद कोणता आकडा धरायचा यावर होतो. दहा लिटर डिझेलमागचे किलोमीटर धरले तर सपाटीवरचे आगार वर येते, किलोमीटरमागचे उत्पन्न धरले तर शहराजवळचे, आणि गाडीमागचे रोजचे किलोमीटर धरले तर लांब पल्ल्याच्या फेऱ्या असलेले. प्रत्येक आगार व्यवस्थापकाकडे आपल्या सोयीचा एक आकडा असतोच. डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस, म्हणजे डीईए, हा वाद मिटवत नाही. प्रत्येकाला आपल्या सोयीची वजने निवडू देते आणि मग विचारते, ‘हीच वजने सगळ्यांना लावली तर तुझ्यापेक्षा कोणी सरस ठरते का?’

या विचाराचे मूळ 1957 मध्ये सापडते. एका ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने अमेरिकेतील 48 राज्यांच्या शेतीची तुलना सरासरीशी न करता, प्रत्यक्षात दिसलेल्या सर्वोत्तम कामगिरीशी केली. तिथे उत्पादन एकच होते. उत्पादन भागिले खर्च अशा अपूर्णांकाचे कमाल मूल्य काढण्याचा प्रश्न साध्या रेषीय प्रोग्रॅमिंगमध्ये बदलण्याची युक्ती 1962 मध्ये आली. हे दोन धागे 1978 मध्ये एकत्र आले, तेही वाहतुकीमुळे नाही. वंचित घरांतील मुलांसाठीचा अमेरिकी सरकारचा एक शिक्षण कार्यक्रम 70 ठिकाणच्या आकड्यांवरून तपासायचा होता. आईचे शिक्षण, पालकांच्या शाळाभेटी, शिक्षकसंख्या या गोष्टी आत जात होत्या, तर वाचन, गणित आणि मुलांचा आत्मविश्वास बाहेर येत होता. यातल्या कशालाच बाजारभाव नाही, म्हणून वजने गणितानेच शोधायची असे ठरले. पद्धतीची सगळी ताकद आणि सगळी भानगड या एका निर्णयात आहे.

भानगड समजायला पाच काल्पनिक आगारे घेऊ. आकडे रोजचे आहेत. ‘अ’कडे 50 गाड्या, 250 कर्मचारी, 16 हजार किलोमीटर आणि 8 लाख उत्पन्न. ‘ब’कडे 60 गाड्या, 270 माणसे, 18 हजार किलोमीटर, 9.6 लाख. ‘क’ सर्वांत मोठे: 85 गाड्या, 450 माणसे, 22 हजार किलोमीटर, 9.5 लाख. ‘ड’ आडवळणाचे: 40 गाड्या, 300 माणसे, 14 हजार किलोमीटर आणि उत्पन्न फक्त 4 लाख. ‘इ’ हुबेहूब ‘ड’सारखेच, पण माणसे 330. ‘क’ची मांडणी अशी होते:

```
max  22 u1 + 9.5 u2
     85 v1 + 450 v2 = 1
     16 u1 + 8 u2   <= 50 v1 + 250 v2
     18 u1 + 9.6 u2 <= 60 v1 + 270 v2
     22 u1 + 9.5 u2 <= 85 v1 + 450 v2
     14 u1 + 4 u2   <= 40 v1 + 300 v2
     14 u1 + 4 u2   <= 40 v1 + 330 v2
     u1, u2, v1, v2 >= 0
```

`v1` आणि `v2` ही गाडी आणि कर्मचारी यांची वजने, `u1` आणि `u2` ही हजार किलोमीटर आणि लाख रुपयांची. ‘क’चा खर्च 1 धरायचा, आणि याच वजनांनी कोणाचेही उत्पादन त्याच्या खर्चापेक्षा जास्त भरता कामा नये. प्रत्येक आगारासाठी असाच एक प्रोग्रॅम वेगळा सोडवावा लागतो.

उत्तर येते 0.8. सोयीसाठी सगळी वजने 5,500 ने गुणली तर ती अशी पडतात: गाडीला 52, कर्मचाऱ्याला 2.4, हजार किलोमीटरला 200 आणि उत्पन्नाला शून्य. ‘क’चा खर्च 4,420 अधिक 1,080 म्हणजे 5,500, उत्पादन 4,400. ‘अ’ आणि ‘ड’चे दोन्ही आकडे बरोबर जुळतात, म्हणून तेच ‘क’चे आदर्श. सॉल्व्हरच्या निकालात या आगारांच्या अटींसमोरची सावली-किंमत, म्हणजे ती अट किंचित सैल केल्यास उत्तर किती वाढेल तो आकडा, पाहिली की ‘अ’साठी 1.2 आणि ‘ड’साठी 0.2 दिसते. 1.2 पट ‘अ’ आणि 0.2 पट ‘ड’ एकत्र केले तर 68 गाड्या आणि 360 माणसांत तेच 22 हजार किलोमीटर होतात. ‘क’च्या 85 गाड्या आणि 450 माणसांचे हे नेमके 80 टक्के. शिवाय या जोडीचे उत्पन्न 10.4 लाख भरते. म्हणजे ‘क’ उत्पन्नातही 90 हजारांनी मागे आहे, पण 80 टक्क्यांच्या गुणात ते कुठेच उमटत नाही, कारण ‘क’ने उत्पन्नाचे वजन शून्यावर नेऊन ठेवले.

1978 च्या मांडणीत शून्य चालत होते. त्याचा सर्वांत ओंगळ परिणाम ‘इ’वर दिसतो. ‘इ’ने कर्मचारी आणि उत्पन्न दोन्हींना शून्य वजन दिले की उरतात फक्त गाडीमागचे किलोमीटर. ते 350, म्हणजे ‘ड’इतकेच आणि सगळ्यांत जास्त. गुण पूर्ण शंभर! शेजारचे ‘ड’ तेच काम 30 माणसे कमी ठेवून करते हे उघड दिसत असताना ‘इ’ला कार्यक्षम म्हणायचे कसे? पुढच्याच वर्षी, 1979 मध्ये, मूळ लेखकांनी त्याच नियतकालिकात एका पानाची दुरुस्ती छापली: वजने शून्य किंवा जास्त नव्हे, शून्यापेक्षा जास्तच हवीत. रेषीय प्रोग्रॅमिंगला काटेकोर असमानता पचत नाही. म्हणून कोणत्याही धन संख्येपेक्षा लहान, तरीही शून्याहून मोठी अशी एक काल्पनिक राशी, एप्सिलॉन, किमान वजन म्हणून आणली गेली.

कागदावर हे सुरेख आहे. संगणकावर मात्र लोकांनी एप्सिलॉनच्या जागी 0.000001 लिहिले आणि निर्धास्त झाले. आपल्या उदाहरणात उत्पन्न लाखांत लिहिले तर ‘ड’ला या किमान वजनाने काही होत नाही, शंभर ते शंभरच राहतात. तेच उत्पन्न रुपयांत लिहिले तर 4,00,000 गुणिले 0.000001, म्हणजे 0.4 इतका वाटा उत्पन्नाला सक्तीने मिळतो. ‘अ’ला त्याच वजनाने 0.8 मिळतात, ते मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून किलोमीटरचे वजन खाली ओढले जाते आणि ‘ड’ 79 टक्क्यांवर येते. आगार तेच, दिवस तोच, फक्त लाखाचे रुपये केले. ज्या पद्धतीची शेखी अशी की एकके बदलली तरी गुण बदलत नाहीत, तिच्यात हा दोष वर्षानुवर्षे चालला. काही आकड्यांवर तर प्रोग्रॅम सुटतच नाही. याची नीट चिरफाड 1990 च्या दशकात झाली. माझ्या मते एप्सिलॉनची संख्या घालून केलेला कोणताही जुना अहवाल एकके बदलून पुन्हा चालवल्याशिवाय मानू नये.

आता रूढ असलेली वाट साधी आहे. आधी एप्सिलॉनशिवाय गुण काढायचा. मग तो गुण गोठवून दुसरा प्रोग्रॅम चालवायचा, जो उरलेला ढिलेपणा जास्तीत जास्त किती निघतो ते पाहतो. ‘इ’चा गुण शंभरच राहतो, पण पुढे 30 कर्मचाऱ्यांचा ढिलेपणा लिहून येतो. कार्यक्षम म्हणायचे ते गुण शंभर आणि ढिलेपणा शून्य अशा दोन्ही अटी पाळणाऱ्यालाच.

पण यातला कोणताही उपाय ‘ड’ला हात लावत नाही. गाडीमागच्या किलोमीटरमध्ये ‘ड’ला ‘इ’शिवाय बरोबरीचे कोणी नाही आणि ‘इ’ त्याच्याहून वाईट, त्यामुळे खरे एप्सिलॉन घेतले तरी ‘ड’ शंभरावरच. गाडीमागे साडेसात माणसे असून! इथे तांत्रिक दुरुस्ती संपते आणि मत द्यावे लागते. 1986 मध्ये टेक्सासमधील एका भौतिकी प्रयोगशाळेसाठी सहा जागांची तुलना झाली, तेव्हा डीईएने पाच जागा शंभर टक्के ठरवल्या. निवड करणाऱ्याला त्याचा काय उपयोग? मग वजनांच्या गुणोत्तरांना मर्यादा घातल्या आणि एकच जागा उरली. आपल्याकडे तशी एक अट घालू: लाख रुपये उत्पन्नाचे वजन हजार किलोमीटरच्या वजनापेक्षा कमी नको. अट सौम्यच आहे, कारण ‘अ’ला लाख रुपये मिळवायला दोन हजार किलोमीटर धावावे लागते. तरी ‘ड’ 94 टक्क्यांवर उतरते. ही अट कोण घालणार, लेखा शाखा की वाहतूक शाखा, हे मात्र कोणताही सॉल्व्हर सांगत नाही.

1984 मध्ये आकारमानाचा मुद्दा आला. 1.2 पट ‘अ’ म्हणजे 60 गाड्यांचे ‘अ’ तसेच चालेल, हे कशावरून? म्हणून आदर्शांच्या पटींची बेरीज 1 असावी अशी जादा अट घातली गेली. वरच्या पटी 1.2 आणि 0.2, बेरीज 1.4, म्हणजे ती तुलना बाद. बाकी कोणाही आगारांची सरासरी 22 हजार किलोमीटरपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे ‘क’ची तुलना फक्त स्वतःशी उरते आणि गुण 80 वरून थेट 100 होतात. यादीतले सर्वांत मोठे आगार या मॉडेलमध्ये जवळपास फुकट सुटते. अहवालात मोठी आगारे ओळीने शंभर दिसली तर आधी कोणते मॉडेल वापरले ते पाहावे. आगारे थोडी आणि रकाने फार असले तरी असेच होते. म्हणून निविष्टा आणि उत्पादने मिळून जितकी, त्याच्या किमान तिप्पट आगारे हवीत असा ढोबळ संकेत आहे. आपली चार मापांची पाच आगारे त्यात बसत नाहीत, ती केवळ हिशोब दाखवायला.

महाराष्ट्रात अलीकडे सगळ्यांत अवघड झाला आहे तो उत्पन्नाचाच रकाना. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे आणि मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट. उरलेली रक्कम सरकारकडून प्रतिपूर्ती म्हणून येते. वाहकाच्या मशीनमधला रोख भरणा धरायचा, की प्रतिपूर्तीसह? समजा प्रतिपूर्ती मिळवल्यावर इतरांचे उत्पन्न पावपट वाढले (‘अ’ 10 लाख, ‘ब’ 12 लाख), आणि सवलतीचे प्रवासी जास्त असलेल्या ‘ड’चे दीडपट, म्हणजे 6 लाख झाले. वजनांची तीच अट ठेवून ‘ड’चा गुण 94 वरून 96 होतो. रोख भरणा धरला तर सवलतींचा भार आगाराच्या नावावर पडतो. प्रतिपूर्ती धरली तर ती रक्कम आगारनिहाय वाटण्याचा जो हिशोब असेल, त्यातली चूक थेट गुणात उतरते. दोन्ही प्रकारे गणित चालवून ज्यांचे गुण सरकतात ती आगारे वेगळी काढणे मला त्यातल्या त्यात बरे वाटते. बदल्या आणि नोटिसा तरी त्या आगारांबाबत या आकड्यावर निघू नयेत.