काळ्या घरांची कमजोरी (बुद्धिबळ)

बुद्धिबळात एखाद्या खेळाडूचा एका रंगाच्या घरांतून फिरणारा उंट मारामारीत गेला आणि त्याची प्यादी मात्र दुसऱ्या रंगाच्या घरांवर उभी राहिली, तर गेलेल्या उंटाच्या रंगाची घरे कोणाच्याच राखणीत राहत नाहीत. प्रतिस्पर्ध्याचा वजीर, घोडा, क्वचित राजासुद्धा त्या घरांत येऊन बसतो आणि त्याला तिथून हुसकावता येत नाही. यालाच एका रंगाच्या घरांची कमजोरी म्हणतात. ती पांढऱ्या घरांचीही असू शकते. मात्र काळ्या मोहऱ्यांनी खेळणारे g7 वर उंट ठेवणारी मांडणी वारंवार करतात, त्यामुळे काळ्या घरांची उदाहरणे अधिक सापडतात.

हे का घडते, हे प्याद्याच्या चालीवरून कळते. प्यादे तिरपे मारते, म्हणून ते स्वतः ज्या रंगाच्या घरात असेल त्याच रंगाची घरे राखते. g7 हे काळे घर आहे, तिथले प्यादे f6 आणि h6 ही दोन काळी घरे राखते. तेच प्यादे g6 वर गेले की त्याची राखण f5 आणि h5 या पांढऱ्या घरांवर जाते. f6 आणि h6 राजाच्या दारातली घरे, पण ती राखायला आता प्यादे उरलेले नसते. g7 वर ठेवलेला उंट नेमके हेच काम करतो, म्हणून प्यादे g6 आणि उंट g7 ही जोडी एकमेकांना पूरक ठरते. तिच्यातला उंट गेला की प्यादे मागे येऊ शकत नाही, कारण प्याद्याला मागची चालच नसते. उंट एकदाच मरतो, पण त्यामुळे पडलेले भोक डाव संपेपर्यंत राहते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे १९९१ साली नेदरलँड्समधल्या टिलबर्ग स्पर्धेत इंग्लंडच्या नायजेल शॉर्टने डच ग्रँडमास्टर यान टिमानविरुद्ध पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळलेला डाव. तो ३४ चालींत संपला, आणि शेवटच्या चार चालींपैकी प्रत्येक चाल शॉर्टने आपल्या राजाची केली. पटावर दोन्ही वजीर आणि चारही हत्ती असताना राजा एकटा चालत प्रतिस्पर्ध्याच्या राजाच्या दारात गेला. बरेच लोक या डावाकडे धाडसाचा नमुना म्हणून पाहतात. मला तो हिशेबाचा नमुना वाटतो, कारण त्या राजाच्या वाटेवरचे प्रत्येक घर काळे होते.

सुरुवात अलेखाइन बचावाची होती. शॉर्टने दुसऱ्याच चालीला राजापुढचे प्यादे e5 वर नेले. टिमानने चौथ्या चालीला प्यादे g6 वर आणि सहाव्या चालीला उंट g7 वर ठेवला. तेराव्या चालीला त्याने e7 वरचे प्यादे e6 वर सरकवले. ही चाल निरुपद्रवी दिसते. पण e7 हे काळे घर आहे, आणि f6 राखणारे ते दुसरे प्यादे होते. आता f7, g6 आणि e6 ही तिन्ही प्यादी पांढऱ्या घरांवर आली, तर f6 वर शॉर्टच्या e5 प्याद्याचा ताबा होता. पुढे अठराव्या चालीला टिमानने आपला शेवटचा घोडा शॉर्टच्या पांढऱ्या घरांतल्या उंटाच्या बदल्यात दिला. त्याच्याकडे दोन्ही उंट राहिले, आणि सर्वसाधारणपणे उंटांची जोडी फायद्याचीच मानतात. पण घोडा दोन्ही रंगांची घरे राखू शकतो, उंट एकाच रंगाची. घोडे संपल्यावर काळ्या घरांची सगळी भिस्त g7 वरच्या एका उंटावर आली.

शॉर्टने नेमका तोच उंट लक्ष्य केला. वजीर h4 वर, उंट e3 वर आणि मग तेविसाव्या चालीला उंट h6 वर. समोरच्या राजाजवळचा उंट मारामारीसाठी ओढून काढण्याची ही सरळ रीत आहे, सिसिलियन बचावाच्या ड्रॅगन प्रकारातही पांढरा हेच करतो. टिमानला धोका कळला होता, म्हणून त्याने उंट मारामारीला न देता h8 वर मागे घेतला. त्यावर शॉर्टने हत्ती थेट d8 वर घातला. तो हत्ती मारला तर वजीर d8 वर येऊन मारतो आणि शह देतो. h6 वरचा उंट f8 आणि g7 अडवून बसल्यामुळे राजाला पळायला जागा नसते, मध्ये वजीर घातला तरी फक्त एक चाल लांबते. अखेर टिमानने उंट स्वतःच g7 वर परत आणला आणि सत्ताविसाव्या चालीला तो मारला गेला. शॉर्टचाही काळ्या घरांतला उंट त्यातच गेला. म्हणजे कमजोरीचा फायदा उठवायला त्या रंगाचा उंट हवाच असे नाही. तो असेल तर काम सोपे होते, नसेल तर वजीर, घोडा आणि राजा ते करतात.

एकोणतिसाव्या चालीला शॉर्टचा वजीर शह देत f6 वर बसला. e5 चे प्यादे त्याच्या पाठीशी होते, आणि काळ्याकडे त्याला हुसकावणारे एकही मोहरे नव्हते. d7 वर एक हत्ती आधीच आला होता, दुसरा d4 वर त्याच्या मागे होता. तिसाव्या चालीला शॉर्टने प्यादे h4 वर आणले. ते पुढे h5 वर जाऊ नये म्हणून टिमानने स्वतःचे h प्यादे h5 वर टाकले. त्यामुळे ते प्यादे h6 वर राहून g5 राखू शकेल, ही शक्यता कायमची गेली. उलट g5 वर शॉर्टच्या h4 प्याद्याची राखण आली. आता e6, f7, g6, h5 अशी काळ्याची चार प्यादी ओळीने पांढऱ्या घरांवर होती आणि b7 वरचा उंटही पांढऱ्याच घरांचा.

मग शॉर्टने घोडा g5 वर का नेला नाही? टिमानचा वजीर c6 वर आणि त्याच्या मागे b7 वर उंट असे दोघे लांब पांढऱ्या तिरप्या ओळीवर g2 कडे तोंड करून बसले होते. f3 वरचा घोडा हलला की वजीर g2 वर मात देतो. एका रंगाची घरे ज्याची पडलेली असतात, त्याची दुसऱ्या रंगाची घरे पुष्कळदा चांगलीच भक्कम असतात. शिकाऊ खेळाडूचा घात इथेच होतो. समोरच्याची काळी घरे उघडी पडलेली पाहून तो घाईने घोडा उचलतो आणि पांढऱ्या घरांवरून मात खातो. शॉर्टला वजिराच्या जोडीला आणखी एक मोहरा हवा होता. हत्ती d पट्टी सोडू शकत नव्हते, घोडा जखडलेला होता. मोकळा होता तो फक्त राजा.

तो g1 वरून निघाला, h2, g3, f4 आणि g5. ही सगळी घरे काळी. b7 चा उंट कधीच त्याला शह देऊ शकत नव्हता, आणि चारही प्यादी फक्त पांढरी घरे राखत होती. टिमानचा वजीर c6 सोडून गेला असता तर घोडा सुटला असता. त्या दरम्यान काळ्याने एक हत्ती e8 वरून c8 वर नेला आणि परत e8 वर आणला, यावरून त्याच्याकडे करण्यासारखे किती कमी उरले होते ते दिसते. तेहेतिसाव्या चालीला टिमानने उंट c8 वर आणून d7 वरच्या हत्तीवर हल्ला केला. शॉर्टने हत्तीकडे पाहिलेही नाही, राजा g5 वर ठेवला. हत्ती मारला तर राजा h6 वर येतो आणि वजिराची g7 वर मात टळत नाही. काळा राजा h7 वर येऊन h6 अडवू पाहील, तर वजीर g6 वरचे प्यादे मारून शह देतो. f7 चे प्यादे वजिराला मारू शकत नाही, कारण सातव्या ओळीवर d7 च्या हत्तीने ते राजाशी जखडलेले असते. राजा h8 वर गेला की वजीर h6 वर शह देतो, राजा g8 वर येतो, शॉर्टचा राजा f6 वर जातो आणि पुन्हा g7 वर मात. टिमानने डाव सोडला.

उंट गेला की कमजोरी येतेच असे मात्र नाही. फ्रेंच बचावाच्या विनावर प्रकारात काळा पाचव्या चालीला आपला काळ्या घरांतला उंट c3 वरच्या घोड्यासाठी देतो, आणि त्याची प्यादी e6 व d5 अशी पांढऱ्या घरांवर असतात. तिथे पांढऱ्याचा उंट a3 वर जाऊन f8 पर्यंतची ओळ धरू शकतो, वजीर g4 वर येऊन g7 वर नेम धरतो, आणि काळ्याला खरोखर त्रास होतो. काळा तो पत्करतो, कारण पांढऱ्याची c पट्टीवरची दुहेरी प्यादी आणि मध्यावरचा दबाव हा त्याचा मोबदला असतो.

निम्झो-इंडियन बचावात तोच उंट त्याच घोड्यासाठी दिला जातो, तरी परिणाम उलट होऊ शकतो. १९७२ च्या रेक्याविकच्या जागतिक अजिंक्यपद लढतीतल्या पाचव्या डावात बॉबी फिशरने बोरिस स्पास्कीविरुद्ध सहाव्या चालीला b4 वरचा उंट c3 च्या घोड्यासाठी दिला. c5 वर त्याचे प्यादे आधीच होते, पुढच्या दोन चालींत त्याने d6 आणि e5 या काळ्या घरांवरही प्यादी लावली. डाव २७ चालींत संपला तेव्हा त्याची सातही प्यादी काळ्या घरांवर होती: a5, b6, c5, e5, g5, g7, h6. गेलेल्या उंटाचे काम प्याद्यांनी उचलले होते. स्पास्कीचा काळ्या घरांतला उंट e1 वर बसून होता, समोर सगळी घरे राखलेली असल्याने त्याला हल्ला करायला काही नव्हते. फिशरचा घोडा सव्विसाव्या चालीला f4 या काळ्याच घरात येऊन बसला, आणि पांढऱ्या घरांतल्या उंटाने a4 चे प्यादे मारल्यावर स्पास्कीने डाव सोडला, कारण उंट मारायला वजीर गेला तर e4 चे प्यादे पडते आणि g2 वर मात होण्याचा धोका उभा राहतो.

म्हणून एखादा उंट पटावरून गेला की आधी प्यादी पाहावीत, ती त्याच्या रंगाच्या घरांवर उभी आहेत की दुसऱ्या. मग घोडे किती उरलेत ते पाहावे. शेवटी वजीर पटावर आहेत का, तेही तपासावे. वजिरांची मारामारी झाली तर राजाजवळच्या भोकातून मात क्वचितच होते आणि तीच कमजोरी फारशी बोचत नाही. राजापासून दूर, वजिराच्या बाजूला पडलेली भोके तर बऱ्याचदा नुसती दिसायला वाईट असतात, कारण तिथे मोहरा नेऊन बसवला तरी समोर मारण्यासारखे काहीच नसते.